पाटीवरची एक ओळ: लाँड्रीसाठी टॅगलाइन लिहिताना

पितृपंधरवडा हा लाँड्रीवाल्यांचा सुस्तीचा काळ. गणपती-गौरींचे कपडे देऊन झालेले असतात आणि नवरात्राची गर्दी अजून सुरू झालेली नसते. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या भाऊंनी मला हाक मारली. "ताई, तुम्ही जाहिरातींचं लिहिता ना? दुकानाची पाटी नवी करतोय. खाली एक ओळ पाहिजे. सणाचे भारी कपडे आपण जपून धुतो, हे लोकांना कळलं पाहिजे."

मी डोंबिवलीत राहते आणि जाहिरातींचा मजकूर लिहिते. इथं सण अंगावर घालून मिरवतात. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली ती इथंच, आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी फडके रोडवर नटूनथटून जायची रीत तर इथल्या तरुणांच्या अंगवळणीच पडली आहे. त्या कपड्यांवरचा घाम, अत्तर, फराळाचं तेल मग आठवडाभर लाँड्रीच्या टेबलावर येत राहतं. त्यामुळे विषय माझ्या ओळखीचा होता. दोन संध्याकाळींत ओळ होईल, असं मी भाऊंना सांगितलं.

भाऊंनी स्वतः एक ओळ करून ठेवली होती: "नाजूक कपड्यांची काळजी, हीच आमची जबाबदारी." वाचायला वाईट नव्हती. पण शेजारच्या तीन दुकानांच्या पाट्या मी डोळ्यांसमोर आणल्या आणि ती ओळ प्रत्येकीखाली ठेवून पाहिली. फॉल-पिकोवाल्याला चालली, रफूवाल्याला चालली, लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानालाही चालली. मग घरी बसून मी तेवीस ओळी लिहिल्या. "मायेचा हात", "आईसारखी काळजी", "रेशमाला जपणारे", सगळं आलं. त्याही सगळ्या कुठंही चालणाऱ्याच होत्या. "काळजी" हा शब्द खोटा नव्हता, पण ती घेताना हात नेमकं काय करतात, हे मला ठाऊकच नव्हतं. ते कळल्याशिवाय खरी ओळ येणार नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी दुकानातच जाऊन बसले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की भाऊ सगळेच कपडे स्वतः धूत नाहीत. ब्लँकेटं, कोट, सोफ्याची कव्हरं मोठ्या मशिनच्या प्लँटवर जातात. गल्लीतल्या बहुतेक लाँड्र्यांचं असंच असतं. दुकान कपडे गोळा करतं आणि धुलाई दुसरीकडे होते. पण पैठणी, जुनी नऊवारी, भरतकामाचं काही आलं, तर भाऊ ते बाजूला ठेवतात आणि मागच्या खोलीत स्वतःच्या हातानं करतात. ह्यात लपवण्यासारखं काही नाही. पण "प्रत्येक कपडा आमच्या हातानं" असं पाटीवर लिहिलं असतं, तर ते धादांत खोटं झालं असतं. माझ्या तेवीस ओळींपैकी चार तिथंच गेल्या.

दुपारी एक बाई जांभळी पैठणी घेऊन आल्या. गौरींच्या हळदीकुंकवाला नेसलेली, म्हणजे डाग पंधरा दिवसांचे. मला वाटलं, भाऊ पावती फाडतील आणि साडी आत टाकतील. त्यांनी तसं केलं नाही. टेबलावर पांढरी चादर अंथरली, वरचा दिवा लावला आणि साडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडली. सगळी, पूर्ण. बाईंना दोन डाग ठाऊक होते, निरांजनातलं तूप आणि कुंकू. भाऊंनी विचारलं, "ह्या कुंकवाला घरी काही लावलं होतं का?" बाई म्हणाल्या, "लगेच साबण लावून चोळलं. आधी पिवळं होतं, मग लाल झालं, म्हणजे कुंकूच असणार." भाऊ म्हणाले, "नाही वहिनी, ती हळदच आहे. साबण लागला की हळद लाल होते."

हे मला नवीन होतं. पण कारण साधं आहे. हळदीचा रंग आंबट पदार्थात पिवळा राहतो आणि साबणासारख्या अल्कलीत लालसर होतो. डाग वाढला असं वाटून माणूस आणखी साबण लावतो आणि आणखी चोळतो. रेशमाला तर अल्कली मुळातच सोसत नाही. त्याची चमक जाते, धागा खरबरीत होतो. बाईंनी चोळलं होतं तिथं बोट फिरवल्यावर पोत बदललेला मलाही जाणवला.

मग भाऊंनी साडी दिव्यासमोर आडवी धरली आणि पदराच्या थोडं खाली बोट टेकवलं. मला काहीच दिसेना. त्यांनी कोन बदलला तेव्हा एक फिकट कडा दिसली, सुकलेल्या पाण्याच्या गोल खुणेसारखी. हात लावला तर तेवढा भाग किंचित कडक. "इथं काय सांडलं होतं?" बाईंनी आठवून आठवून सांगितलं, लिंबाचं सरबत. सांडल्या सांडल्या पुसून घेतलं होतं, डाग पडलाच नाही म्हणून विसरून गेल्या होत्या.

तिघांत हाच डाग सगळ्यात घातक होता. ड्रायक्लीन म्हणजे पाण्याऐवजी द्रावकात धुणं. छोट्या दुकानांत ते बहुधा मिनरल टर्पेंटाइन असतं. लोक त्याला सरसकट "पेट्रोल वॉश" म्हणतात. हे द्रावक तूप, तेल, मेणचट मळ सहज सोडवतं. साखर आणि घाम मात्र पाण्यात विरघळणारे, त्यामुळे त्यांना ते हातही लावत नाही. साडी ड्रायक्लीन होऊन वरवर स्वच्छ निघते, सरबतातली साखर धाग्यातच राहते, आणि नंतर प्रेसची उष्णता लागली की ती तपकिरी होते. दुकानात दिली तेव्हा नव्हता, घरी नेली तेव्हा डाग आहे! ग्राहकाला वाटतं, लाँड्रीवाल्यानं डाग पाडला. लाँड्रीवाला शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात.

म्हणून सरबताचा डाग आधी काढायचा आणि तोही पाण्यानं. पण पाण्यानं पैठणीचा रंग सुटू शकतो. तेव्हा त्याच्याही आधी परीक्षा. निऱ्यांच्या आत दडणाऱ्या टोकाला भाऊंनी पांढरं ओलं फडकं दाबून धरलं. जांभळा रंग लागला नाही. काठाच्या लाल रंगाचा मात्र अगदी फिकट ठसा आला. म्हणजे अंगावर पाणी चालेल, काठापासून दूर राहायचं. मग खाली कोरडं फडकं ठेवून, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाणी टिपत, कडेकडून आत असं त्यांनी काम केलं. आतून बाहेर गेलं तर डागाची कडा पसरते. एवढ्या एका डागाला वीस मिनिटं लागली, आणि ती मी घड्याळ लावून मोजली.

हळदीसाठी त्यांनी पाण्यात अगदी थोडं पांढरं व्हिनेगर घेतलं. तेही आधी आतल्या टोकावर लावून पाहिलं. लाल डाग परत पिवळा झाला आणि मग हळूहळू फिकट होत गेला. एक उपाय सगळ्यांना ठाऊक असतो की हळद उन्हात उडते. ते खरंही आहे, पण रेशमाचा रंगही उन्हात उडतो, म्हणून इथं तो उपाय नाही. भाऊंनी बाईंना आधीच सांगून टाकलं होतं, "तूप जाईल. सरबताचंही जाईल असं वाटतं. हळद फिकट होईल, पूर्ण जाईलच असं सांगत नाही."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. तोवर माझ्या यादीत सगळ्यात ठसठशीत ओळ होती "डाग जाणार म्हणजे जाणारच." ती मी भाऊंना दाखवली तेव्हा त्यांनी पाहताक्षणीच मान हलवली. "ताई, हे लिहिलं तर उद्या मला दुकान बंद करावं लागेल." त्यांचं बरोबर होतं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटी हमी देणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात मानली आहे. गल्लीतल्या दुकानाची पाटी ही जाहिरातच आहे, हे आम्ही लिहिणारे लोक फार सहज विसरतो.

संध्याकाळी एक मुलगी गरब्याची चनिया-चोली घेऊन आली. आरसे, खडे, टिकल्या. भाऊंनी नखानं एक खडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "हे ड्रायक्लीन होणार नाही." तिला आश्चर्य वाटलं, मलाही. ड्रायक्लीन म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असंच आपण धरून चालतो. पण तिचे खडे शिवलेले नव्हते, चिकटवलेले होते, आणि द्रावकात गोंद सुटतो. काही प्लॅस्टिकच्या टिकल्या तर द्रावकात मऊ पडून मुडपतात. त्यांनी फक्त अस्तर आणि काखेचा भाग हातानं पुसून देण्याचं कबूल केलं, बाकीचं नाही. ती मुलगी थोडी नाराज होऊन गेली. भाऊंनी मात्र तो कपडा ड्रायक्लीनला घेतला नाही.

आता माझ्याकडे काहीतरी हाताशी आलं होतं. ह्या दुकानातली काळजी दिसते ती कपडा धुण्याच्या आधी. पूर्ण उलगडणं, दिव्याखाली बघणं, काय सांडलं ते विचारणं, आतल्या टोकावर तपासणं, आणि कधी नाही म्हणणं. मी लिहिलं: "आधी बघू, मग धुऊ." भाऊंना आवडलं. चार शब्द, बोलण्यातले, आणि शंभर टक्के खरे. पण ती मुख्य ओळ होत नव्हती. ती दुकानाबद्दल बोलते. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला तिच्या साडीबद्दल काहीच सांगत नाही.

मुख्य ओळ दुसऱ्या दिवशी एका आजींनी दिली. त्यांना कळलंही नाही की आपण काय दिलं. सुनेची लग्नातली पैठणी विचारायला आल्या होत्या. साडी बरोबर नव्हतीच. "सहा वर्षं झाली, पोरीनं घडी मोडलेली नाही. म्हणते, काही सांडलं तर? तुम्ही सांगा बाबा तिला, नेसली तर साफ होते म्हणून."

घडी मोडणं! नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे घडी मोडणं. आमच्याकडे आई नवी साडी आधी आत्याला द्यायची आणि म्हणायची, "तू घडी मोड." त्याच्या दुसऱ्या बाजूला परीटघडी, म्हणजे धुऊन, इस्त्री होऊन आलेल्या कपड्याची ती कडक घडी. ह्या धंद्याची भाषा आपल्या बोलण्यात किती खोल गेली आहे! भाऊंचे आजोबा हेच काम करायचे. कपड्यांवर खूण करायला ते बिब्ब्याचं तेल वापरत, कारण ती खूण कितीही धुतली तरी जात नाही. आता त्या जागी नंबरचा कापडी टॅग आला आहे, आणि रेशमावर भाऊ तो टाचणीनं न लावता आतल्या टोकाला एका टाक्यानं शिवतात.

आजींना भाऊ म्हणाले, "आजी, नेसली नाही तरच जास्त खराब होईल." आणि कारण सांगितलं. जरीच्या धाग्यात मध्ये रेशीम किंवा सूत असतं आणि त्याच्यावर धातूची चपटी बारीक तार गुंडाळलेली असते. चांगल्या जरीत ती चांदीची, सोन्याचं पाणी दिलेली. स्वस्त जरीत तांब्याची, आणि अगदी स्वस्तात तर चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी. धातूची तार वर्षानुवर्षं एकाच जागी मुडपून राहिली की त्या रेघेवर तुटते. पदर उलगडला की आडवी भेग दिसते, आणि ती कुठल्याच धुलाईनं भरून येत नाही. म्हणून नेसा, नाहीतर निदान चार-सहा महिन्यांनी उलगडून घडीची रेघ बदला. मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. अत्तर साडी नेसण्याआधी लावा, नंतर जरीवर फवारू नका, त्यानं जरीची तार काळी पडते.

म्हणजे घडी मोडायला सांगणं हे नुसतं जाहिरातीपुरतं गोड बोलणं नव्हतं. साडीच्या तब्येतीलाही तेच बरं होतं. आणि माझ्या लक्षात आलं की लोक इथं डाग काढायला येतात खरे, पण त्यांना हवी असते ती साडी निर्धास्तपणे नेसता येण्याची मुभा. आजींची सून सहा वर्षं तिचीच वाट बघत होती.

त्या रात्री मी लिहिलं: "घडी मोडा, काळजी सोडा." यमक जुळलं होतं, ओळ तोंडात बसत होती, मी खूश होते. सकाळी भाऊंनी मोठ्यानं वाचली आणि त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "सोडा? आपण रेशमाला सोडा लावतो असं वाटेल की." लाँड्रीच्या पाटीवर "सोडा" हा शब्द धुण्याचा सोडा म्हणूनच वाचला जाणार, आणि रेशमाचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. शिवाय भाऊंचं म्हणणं होतं की "काळजी सोडा" ही पुन्हा हमीच झाली. हळद राहिली तर काळजी कुठं सुटली? ती ओळ मी त्याच क्षणी खोडली. थोडं वाईट वाटलं, कारण यमक खरंच चांगलं होतं.

पुढची ओळ: "घडी तुम्ही मोडा, घालून आम्ही देऊ." ह्यात "घालून"नं घोळ केला. कपडे घालणं आणि घडी घालणं एकाच क्रियापदात आल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटेल की दुकानदार कपडे अंगात घालून देणार. मग "घडी तुम्ही मोडा, घडी आम्ही घालू." शब्द दोनदा आला आणि अर्थ नीट बसला. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय समजलं ते विचारलं. पन्नाशीच्या बायकांना लगेच कळलं, दोघींच्या चेहऱ्यावर हसू आलं. कॉलेजातल्या एका मुलाला घडी म्हणजे काय ते माहीत होतं, पण घडी मोडणं म्हणजे पहिल्यांदा घालणं हे माहीत नव्हतं. हिंदी बोलणाऱ्या एका काकांनी घडी म्हणजे घड्याळ धरलं आणि लाँड्रीत घड्याळ कशाला मोडायचं, असं विचारलं. भाऊंची शंका वेगळीच: घडी नावाची धुण्याची पावडर आहे, लोकांना वाटेल मी तीच वापरतो.

तिन्ही अडचणींचं उत्तर एकाच शब्दात निघालं. "साडीची." साडीची घडी म्हटलं की घड्याळही गेलं आणि पावडरही, आणि मुहावरा ज्याला ठाऊक नाही त्यालाही साडी उलगडणं आणि परत घडी घालणं एवढा साधा अर्थ मिळतो. भाऊ म्हणाले, शेरवानी, लेहेंगे पण येतात. मी त्यांच्याच वहीतल्या गौरी-गणपतीच्या नोंदी मोजून दाखवल्या. हातानं करण्याच्या भारी कपड्यांत निम्म्याहून जास्त साड्याच होत्या. बाकीच्यांसाठी खालची ओळ होतीच.

पाटीवर शेवटी गेलं ते असं:

साडीची घडी तुम्ही मोडा,
पुन्हा घडी आम्ही घालू.

आणि खाली बारीक अक्षरांत:

रेशीम, जर, भरतकाम: आधी बघू, मग धुऊ.

माझ्या मते काम इथं संपलं नव्हतं. पावतीच्या मागं छापलं होतं, "कपडा खराब झाल्यास दुकान जबाबदार राहणार नाही." पाटी म्हणते आम्ही बघतो, पावती म्हणते आम्हाला विचारू नका. मी भाऊंना म्हटलं, ही पावती राहणार असेल तर पाटीवरची ओळ मला काढून घ्यावी लागेल. ते दोन दिवस विचार करत होते. त्यांची भीती रास्त होती. दहा-पंधरा हजारांच्या साडीची जबाबदारी कोण अंगावर घेणार? शेवटी आम्ही नवी पावती आखली. डाग कुठं, कशाचा, किती जुना, घरी काय लावलं, आणि शेवटचा रकाना: जाईल, फिकट होईल, सांगता येत नाही. तो दुकानदारानं भरायचा आणि ग्राहकानं खाली सही करायची. कपड्यात आधीपासून काय होतं ते ह्या कागदावर राहतं, त्यामुळे भाऊंचंही रक्षण होतं. आणि नुकसान त्यांच्या हातून झालं तर कारागीर बोलावून रफू करून देण्याचं त्यांनी स्वतःहून त्यावर लिहिलं. ते वाक्य माझं नाही.

पाटी घटस्थापनेच्या तीन दिवस आधी लागली. त्याच संध्याकाळी जांभळ्या पैठणीच्या बाई साडी न्यायला आल्या. तूप गेलं होतं. सरबताची कडा मी दिव्यासमोर धरूनही शोधली, सापडली नाही. हळदीच्या जागी लक्ष दिलं तरच दिसेल अशी पिवळसर छाया उरली होती, आणि चोळलेल्या जागेची चमक परत आली नव्हती. बाईंनी पावतीवरचं "फिकट होईल" वाचलं, साडी खांद्यावर टाकून पाहिली आणि ती जागा निऱ्यांत आत जाईल अशी नेसायची कशी, ते तिथंच ठरवून टाकलं. मग भाऊंनी पदर परत टेबलावर घेतला, जुन्या घडीच्या रेघेपासून चार बोटं सरकवून नवी घडी घातली आणि साडी मलमलीत गुंडाळून दिली.